पंधरा वर्षांनंतरची फी आणि आजचे पंधरा हजार

«आमची मुलगी नुकतीच तीन वर्षांची झाली. आम्ही दोघेही नोकरी करतो, वये 34 आणि 36. दोघांचे मिळून महिना 1 लाख 15 हजार हातात येतात. घराचा हप्ता 31 हजार, तो अजून 14 वर्षे चालेल. मुलीच्या शिक्षणासाठी महिना 15 हजार बाजूला काढता येतील. बँकेतल्या साहेबांनी हिशेब मांडून सांगितले, की पंधरा वर्षांनी इंजिनिअरिंगला 1 कोटी लागेल, आणि एक चाइल्ड प्लॅन घ्यायला लावला: वर्षाला 1 लाख 20 हजार, 15 वर्षे, शेवटी 27 लाख. पहिला हप्ता भरला, गेल्या आठवड्यात पॉलिसी घरी आली. सासरे म्हणतात सुकन्याच बरी, भाऊ म्हणतो सगळे म्युच्युअल फंडात टाक. 27 लाखांत कोटीचे कसे भागायचे, या विचाराने झोप लागत नाही.»
(एक आई, नाशिक. नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती.)

ताई, पॉलिसीचे पाकीट घरी आले ती तारीख आधी कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण तुमच्या पत्रात घाई करण्याजोगी गोष्ट तेवढी एकच आहे. पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करण्याचा हक्क ग्राहकाला असतो. पॉलिसीच्या पहिल्या काही पानांतच ‘फ्री लुक’ या नावाखाली ते लिहिलेले सापडेल. या मुदतीत परत केल्यास मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मधल्या दिवसांपुरता विम्याचा आकार वजा करून बाकीचे पैसे परत मिळतात. मुदत उलटून गेली, तर तीच पॉलिसी मोडताना भरलेल्या हप्त्याचा मोठा भाग सोडून द्यावा लागतो. परत करायची की नाही हे खालचे वाचून तुम्हीच ठरवा. पण करायचीच असेल, तर बँकेतल्या साहेबांना फोन करून भागणार नाही. बँक ही फक्त विक्रेती आहे. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत लेखी द्यायचा, आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची.

आता त्या 27 लाखांकडे पाहू. 18 लाख भरून 27 लाख मिळणार म्हणजे दीडपट, असे ऐकायला बरे वाटते. पण पैसे पंधरा वर्षे अडकून पडणार असताना ‘किती पट’ याला फारसा अर्थ नसतो, ‘दरसाल किती टक्के’ हेच विचारावे लागते. हा हिशेब घरच्या संगणकावर एक्सेलमध्ये एका ओळीत होतो:

```
=RATE(15,-120000,0,2700000,1)
```

यातले 15 म्हणजे वर्षे, मग हप्ता, मग शेवटी मिळणारी रक्कम. शेवटचा 1 एवढेच सांगतो, की हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरला जातो. उत्तर येते सुमारे 4.9 टक्के. हेच 1 लाख 20 हजार दर वर्षी पीपीएफमध्ये टाकले आणि 2020 पासून चालत आलेला 7.1 टक्क्यांचा दर तसाच राहिला, तर पंधरा वर्षांनी साडेबत्तीस लाख होतात. तुम्हाला आलेली योजना कुठलीही असो, आकडे बदलून हीच ओळ वापरता येते, म्हणून ती मुद्दाम दिली.

आणखी एक गोष्ट पाहा. पॉलिसीसोबत ‘बेनिफिट इलस्ट्रेशन’ नावाचा एक तक्ता असतो आणि त्यावर तुमची सही घेतलेली असते. त्यात सहसा 4 टक्के आणि 8 टक्के असे दोन रकाने असतात. हे दर तुम्हाला मिळणारे नव्हेत; विमा कंपनीने गुंतवलेल्या पैशांवर तिला एवढा परतावा मिळाला तर, असे ते गृहीतक आहे. साहेबांनी सांगितलेले 27 लाख त्यातल्या कोणत्या रकान्यात आहेत ते शोधा. 8 च्या रकान्यात असतील, तर खर्च वजा जाता तुमच्या वाट्याला 4.9 टक्के येतात आणि तेही खात्रीचे नाहीत. रक्कम हमीची असेल, तर ती तशी स्पष्ट शब्दांत लिहिलेली असते.

चाइल्ड प्लॅनमध्ये एक चांगली गोष्ट असते आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. आईवडिलांपैकी ज्याच्या जिवावर विमा आहे तो गेला, तर पुढचे हप्ते माफ होतात आणि मुलाचे पैसे ठरल्या वेळी मिळतात. या एका सोयीसाठीच लोक ही पॉलिसी घेतात. पण तीच सोय निव्वळ मुदतीच्या विम्यातून, ज्याला आपण टर्म म्हणतो त्यातून, पुष्कळ स्वस्तात मिळते. व्यसन नाही आणि प्रकृती ठीक आहे असे धरले, तर तुमच्या वयांना प्रत्येकी 1 कोटीचा, साठाव्या वर्षापर्यंतचा विमा दोघांचा मिळून महिना दोन ते अडीच हजारांत बसावा. त्यात शेवटी हाती काहीच येत नाही, याची अनेकांना रुखरुख लागते. मला मात्र घराला आग न लागल्याची रुखरुख वाटणारा माणूस अजून भेटायचा आहे. विमा दोघांचाही हवा, कारण घर दोघांच्या पगारावर चालते आहे. तुमच्या यजमानांची पॉलिसी काढताना ती विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली, म्हणजे 1874 च्या कायद्याखाली, तुमच्या आणि मुलीच्या नावे घ्यावी. अर्जासोबत त्याचा एक वेगळा कागद भरावा लागतो. तसे केल्यास ती रक्कम कोणत्याही देणेकऱ्याला, अगदी गृहकर्ज देणाऱ्या बँकेलाही, सहसा मागता येत नाही.

आता तुमची झोप उडवणारा एक कोटीचा आकडा. तो कसा येतो हे मला साधारण माहीत आहे: आजचा खर्च 25 लाख धरायचा, दर वर्षी 10 टक्के महागाई लावायची, की पंधरा वर्षांत तो चौपटीहून थोडा जास्त होऊन 1 कोटी 4 लाखांवर जातो. गणित बरोबर आहे. प्रश्न असा, की हे 25 लाख कुणाचे? महागड्या अभिमत विद्यापीठाचे असू शकतात. तुम्ही स्वतः दोन-तीन महाविद्यालयांची यंदाची फी पाहिलीत का? राज्यातल्या विनाअनुदानित महाविद्यालयांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण दर वर्षी जाहीर करते, ती तिथेच वाचता येते. उदाहरणासाठी फी 1 लाख 80 हजार आणि वसतिगृह, मेस, पुस्तके, प्रवास मिळून 1 लाख 20 हजार, असा वर्षाला 3 लाखांचा खर्च धरतो. तुमच्या चौकशीतून वेगळा आकडा आला, तर तो घाला.

महागाईचा दर किती धरावा, याचे नेमके उत्तर कुणापाशीच नसते, कारण फी दर वर्षी सारखी वाढत नाही, ती उड्या मारते. आयआयटीच्या बी.टेक.ची वार्षिक शिकवणी फी 2013 मध्ये 50 हजारांवरून 90 हजार झाली, 2016 मध्ये एकदम 2 लाख झाली आणि त्यानंतर बरीच वर्षे तिथेच थांबली. उडीच्या वर्षी ज्याने हिशेब केला तो घाबरला असेल, आणि नंतरच्या थांबलेल्या वर्षांत ज्याने केला तो निर्धास्त झाला असेल, दोघेही चुकले. मी 8 टक्के धरतो. त्या हिशेबाने आजचे 3 लाख पहिल्या वर्षी, म्हणजे 2041 मध्ये, साडेनऊ लाख होतात. पुढच्या तीन वर्षांचे अनुक्रमे 10.3, 11.1 आणि 12 लाख. चारही वर्षांचे मिळून 43 लाख. दर 6 टक्के निघाला तर 31 लाख, 10 टक्के निघाला तर 58 लाख. म्हणजे तुमचे लक्ष्य हा एक आकडा नसून 31 ते 58 लाखांचा पट्टा आहे, आणि ते पैसे एकाच दिवशी नव्हे, तर चार वेगवेगळ्या जून-जुलैमध्ये लागणार आहेत. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येतो.

कोटीच्या हिशेबात एक आणखी मोठी गफलत आहे आणि ती तुमच्या पत्रातही आहे. फी पंधरा वर्षे वाढत राहील असे धरले आहे, पण तुमचा पगार आणि तुमचे 15 हजार मात्र जागचे हलत नाहीत. दर वर्षी पगारवाढ झाली, की गुंतवणुकीचा हप्ता 5 टक्क्यांनी वाढवायचा, एवढे एक पथ्य पाळले तरी चित्र बदलते. शिवाय तुम्ही सहज लिहून गेलात, की घराचा हप्ता अजून 14 वर्षे चालेल. म्हणजे मुलगी महाविद्यालयात जाण्याच्या एक वर्ष आधी दरमहा 31 हजार मोकळे होतात! 2040 पासून ती पदवी घेईपर्यंतच्या पाच वर्षांत हे साडेअठरा लाख होतात, आणि ते साहेबांच्या कागदावर कुठेच नाहीत. माझ्या मते तुमच्या घरातली सगळ्यात भक्कम शिक्षण योजना हीच आहे.

फक्त ती 14 वर्षे खरोखर 14 राहतात का, यावर नजर ठेवा. बदलत्या दराच्या गृहकर्जात व्याज वाढले, की बँका बहुधा हप्ता तेवढाच ठेवून मुदत लांबवतात. 2022 आणि 2023 मध्ये हजारो कर्जदारांचे असे झाले आणि पुष्कळांना ते नंतर कळले. दर एप्रिलमध्ये कर्जाचे विवरणपत्र काढून ‘शिल्लक हप्ते’ हा एकच आकडा पाहायचा. तो 12 ने कमी झालेला नसेल, तर थोडी मुद्दल आगाऊ भरून तो परत ओढून आणायचा.

आता 15 हजारांची वाटणी. अडीच हजार दोघांच्या टर्म विम्याला. पाच हजार सुकन्या समृद्धीत. उरलेले साडेसात हजार निफ्टी किंवा सेन्सेक्सच्या इंडेक्स फंडात, म्हणजे त्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, मधल्या विक्रेत्याविना थेट घ्यायच्या डायरेक्ट योजनेत, आणि हेच दर वर्षी 5 टक्क्यांनी वाढवायचे. म्हणजे सासऱ्यांचेही बरोबर आहे आणि भावाचेही. दोघांपैकी कुणी तारखांचा विचार केलेला नाही, इतकेच.

सुकन्येच्या तारखा नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरांत इथेच गैरसमज असतो. खाते मुलगी दहा वर्षांची होण्याआधी उघडायचे. पैसे 15 वर्षे भरायचे. पण खाते पूर्ण होते ते उघडल्यापासून 21 वर्षांनी. तुमच्या मुलीचे वय तेव्हा 24 असेल, इंजिनिअरिंग संपून दोन वर्षे झालेली असतील. मधल्या काळात शिक्षणासाठी पैसे काढता येतात, पण मागच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीला असलेल्या शिलकीच्या फार तर निम्मे, आणि तेही प्रवेशाचे पत्र व फीचे कागद दाखवून, त्या कागदांवरच्या रकमेपुरतेच. दहावी उत्तीर्ण होणे किंवा अठरा पूर्ण होणे, यांतले जे आधी घडेल तेव्हापासून ही मुभा मिळते. ‘सुकन्येत सगळे टाकले, आता फीची काळजी नाही’ असे म्हणणाऱ्या पालकाला 2041 च्या जुलैमध्ये समजते, की अर्धे पैसे पुढची सहा वर्षे कुलपात आहेत.

याच कारणासाठी मी सुकन्येला पाचच हजार दिले. 2024 पासून तिचा दर 8.2 टक्के आहे. पण 2015 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा तो 9 च्या वर होता आणि 2020 ते 2023 या काळात 7.6 होता. सरकार दर तिमाहीला तो ठरवते, म्हणून पंधरा वर्षांच्या हिशेबाला मी सरासरी साडेसात धरतो. त्याप्रमाणे 2041 मध्ये खात्यात 16 लाखांच्या आसपास असतील. त्यातले 8 लाख काढले, की पहिल्या वर्षाची बहुतेक फी निघते. उरलेले 8 लाख व्याज खात राहतील आणि मुलगी 24 वर्षांची होईल तेव्हा साडेबारा लाख होऊन करमुक्त हाती येतील, पुढे एम.टेक. किंवा परदेशी मास्टर्सचा विचार असेल, तर ते बरोबर त्या वेळेला पोहोचतात. पैसे मात्र दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरा, कारण 5 तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर त्या महिन्याचे व्याज धरतात.

ज्यांना मुलगा आहे, त्यांनी सुकन्येच्या जागी पीपीएफ घ्यावे. तिथेही तारखेची गंमत आहे. 15 वर्षे ही खाते उघडल्याच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजली जातात. त्यामुळे 31 मार्चला उघडलेले खाते 1 एप्रिलला उघडलेल्या खात्यापेक्षा एक पूर्ण वर्ष आधी सुटते. आणि पालकाचे स्वतःचे खाते व मुलाच्या नावाचे खाते मिळून वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा आहे, मुलामागे वेगळी नाही.

आता साडेसात हजारांचा फंड. त्यावर 12 नि 15 टक्क्यांची स्वप्ने मी रंगवणार नाही. दर वर्षी हप्ता 5 टक्क्यांनी वाढवत नेला, सुरुवातीची दहा-अकरा वर्षे 10 टक्के आणि शेवटी पैसे सुरक्षित जागी हलवल्यामुळे त्याहून कमी परतावा धरला, तर कर जाऊन सुमारे 35 लाख होतात. सुकन्येचे 8 मिळवले की 43. बाजाराने पंधरा वर्षांत सरासरी 7 टक्केच दिले, तर फंडात 35 ऐवजी 30 लाखांच्या आसपास असतील. मग उरलेले पाच लाख घराच्या सुटलेल्या हप्त्यातून दीड वर्षात निघतात. आणि महागाई 10 टक्क्यांनी चालून खर्च 58 लाखांवर गेला, तरी तोच हप्ता तिथे उभा आहे.

खरी कसोटी मात्र किती जमले याची नसते, केव्हा काढले याची असते. 2008 च्या जानेवारीत सेन्सेक्स 21 हजारांच्या घरात होता. मार्च 2009 मध्ये तो 8 हजारांवर होता. त्या उन्हाळ्यात ज्यांच्या मुलांची बारावी होती आणि सगळे पैसे शेअर बाजारात होते, त्यांना पंधरा वर्षांची सरासरी काय कामाची? म्हणून माझा नियम सोपा आहे: ज्या वर्षीची फी तीन वर्षांच्या आत भरायची आहे, त्या वर्षाचे पैसे बाजारात नसावेत. ‘शेवटी सगळे एकदम काढून घेऊ’ किंवा ‘बाजार चढला की काढू’, यांपैकी काहीच करायचे नाही. प्रत्येक वर्षाच्या फीची वेगळी तारीख ठेवायची.

तुमच्या बाबतीत ते असे होईल. मुलगी दहावीत असताना, म्हणजे 2038 च्या सुमारास, पहिल्या वर्षाच्या फीतला सुकन्येने न भरलेला दीड लाख फंडातून काढून मुदतठेवीत ठेवायचा. अकरावीत असताना दुसऱ्या वर्षाचे 10.3 लाख, बारावीत तिसऱ्या वर्षाचे 11.1 लाख, आणि प्रवेश झाला त्या वर्षी चौथ्या वर्षाचे 12 लाख. या मुदतठेवी मे महिन्यात सुटतील अशा बेताने ठेवायच्या. दर वर्षीची रक्कम एका फटक्यात न काढता बारा महिन्यांत वाटून काढली, तर एखाद्या वाईट आठवड्याचा तडाखा सगळ्या रकमेला बसत नाही. सगळ्यात अवघड जाते ते बाजार तेजीत असतानाचे काढणे. शेजारचा माणूस अजून घालतो आहे आणि आपण काढतो आहोत, हे मनाला पटत नाही. तेव्हा शिक्षणाचे पैसे ज्या फंडात आहेत त्यात दुसरे काहीच ठेवू नका. हे पैसे कशाचे आहेत हे स्पष्ट असले, की हात कमी थरथरतो.

असे टप्प्याटप्प्याने काढण्याचा करातही उपयोग होतो. आजच्या नियमाने शेअर फंडावरचा वर्षभरापेक्षा जुना नफा एका व्यक्तीला वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे आणि त्यापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो. साडेसात हजारांचे दोन भाग करून अर्धे तुमच्या आणि अर्धे यजमानांच्या नावाने गुंतवले, तर ही सूट दर वर्षी दोनदा मिळते. पंधरा वर्षांत हे नियम बदलतील हे नक्की, पण दोन नावांत विभागणी असणे तेव्हाही तोट्याचे ठरण्याची शक्यता कमी.

मुलीच्या नावाने फंड घ्यावा असे तुम्हाला वाटत असेल, तर माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट ऐका. तिने मुलगा दोन वर्षांचा असताना त्याच्या नावाने फोलिओ उघडला, आणि नेमाने पैसे भरले. मुलगा एप्रिलमध्ये अठरा वर्षांचा झाला आणि त्या दिवशी फोलिओ गोठला: मासिक हप्ता थांबला आणि पैसे काढण्याचा अर्ज परत आला. आता मुलाचे पॅन हवे, केवायसी हवे, त्याच्या एकट्याच्या नावाचे बँक खाते हवे आणि त्याची सही बँकेच्या व्यवस्थापकाने साक्षांकित करून द्यायला हवी. पोराने आयुष्यात पहिल्यांदाच सह्या केलेल्या. बँकेतल्या कार्डावर पूर्ण आडनाव, फंडाच्या अर्जावर नुसते आद्याक्षर. अर्ज दोनदा नामंजूर झाला. सगळे मार्गी लागायला सात आठवडे गेले, आणि मधल्या काळात प्रवेशफेरीची फी भरायला बहिणीने स्वतःची मुदतठेव मोडली. मुलाच्या नावाने घेतल्याने कर वाचतो असेही नाही. अल्पवयीन मुलाच्या गुंतवणुकीवरचे उत्पन्न, नाममात्र रक्कम सोडता, आईवडिलांच्याच उत्पन्नात धरतात. तेव्हा फंड तुमच्या नावाने ठेवा आणि नामनिर्देशन एकमेकांचे करा. सुकन्या खाते मात्र मुलीच्याच नावाने असते आणि अठराव्या वर्षापासून ते तिने चालवायचे असते, म्हणून तिचे पॅन, बँक खाते आणि ठरलेली एकच सही हे बारावीच्या दिवाळीपर्यंत तयार असू द्या.

सासऱ्यांना नातीसाठी सुकन्येत पैसे भरायचे असतील, तर त्यांनी जरूर भरावेत. खाते मात्र पालक म्हणून तुम्ही किंवा यजमानांनी उघडायचे, आजोबांनी नव्हे. सगळ्यांचे मिळून वर्षाला दीड लाखाच्या आत राहील एवढे पाहा.

ज्या वाचकांच्या घरचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, त्यांनी एक गोष्ट वेगळी तपासावी. महाराष्ट्रात 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, या मर्यादेतल्या घरच्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पंधरा वर्षांनी ही सवलत असेलच असे गृहीत धरून बचत थांबवू नये. पण लक्ष्य ठरवताना वसतिगृह आणि राहण्याजेवणाचा खर्च वेगळा मांडावा, कारण तो माफीत नाही. ताई, तुमचे उत्पन्न त्या मर्यादेच्या वर आहे.

परदेशाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी एक वाक्य. 2010 मध्ये 45-46 रुपयांना मिळणारा डॉलर 2025 च्या अखेरीस 90 च्या घरात होता. तेव्हा पदवीसाठीच बाहेर पाठवायचे मनात असेल, तर वरचा 43 लाखांचा हिशेब बाजूला ठेवा. तो खर्च 15 हजारांत बसणार नाही आणि त्यासाठी शैक्षणिक कर्जाचा विचार आतापासूनच करावा लागेल.

एक विनंती मात्र करतो. या सगळ्यात कमी पडले, तर भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका. यजमान तेव्हा 51 वर्षांचे असतील, निवृत्तीला नऊ वर्षे उरलेली असतील, आणि तिथून काढलेले परत भरायला वेळ नसेल. त्यापेक्षा पाच-सात लाखांचे शैक्षणिक कर्ज मुलीच्या नावाने घेतलेले बरे. अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि साधारण त्यानंतर वर्षभर त्याचा हप्ता सुरू होत नाही, आणि आजच्या नियमाने साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा तारण लागत नाही. मधल्या काळातले व्याज तेवढे तुम्ही घराच्या सुटलेल्या हप्त्यातून भरत राहा, म्हणजे मुद्दल फुगत नाही.

पहिल्या महिन्यात करायचा क्रम असा ठेवा. आधी टर्म विम्याचे अर्ज करा आणि वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हाती येईल ते पाहा. पण तिची वाट पाहत फ्री लुकची तीस दिवसांची मुदत घालवू नका. ती संपत आली आणि नवा विमा अजून मिळालेला नसेल, तर प्रकृतीची काही तक्रार नाही ना एवढे विचारात घेऊन निर्णय घ्या. मधुमेह किंवा रक्तदाबामुळे टर्म विमा नाकारला जाण्याची भीती असेल, तर हाती असलेली पॉलिसी सोडण्याची घाई करू नये. त्या स्थितीत 4.9 टक्के परताव्यासह मिळणारे विमाकवचही मोलाचे आहे. तसे काही नसेल, तर परत करण्याचा अर्ज, पॉलिसीची मूळ प्रत आणि रद्द केलेला धनादेश घेऊन विमा कंपनीच्या शाखेत जा. पैसे जमा झाले, की त्यातलेच आधी सुकन्या खात्यात भरा.